तक्त्यातून उठून गेलेल्या योजना

म्युच्युअल फंडांच्या परताव्याचा कोणताही तक्ता हाती आला की माझी नजर पहिल्या क्रमांकाकडे न जाता तक्त्याच्या तळाशी जाते आणि त्यात एकूण किती योजना आहेत ते मी मोजतो. शाहूपुरीतल्या माझ्या छोट्या कार्यालयात विवरणपत्रे भरण्याच्या हंगामात जी मंडळी येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असा एखादा तक्ता असतोच. त्यावर 'दहा वर्षांतील सर्वोत्तम' असे काहीतरी लिहिलेले असते आणि खाली योजनांची नावे व त्यांपुढे एक, तीन, पाच आणि दहा वर्षांचे परतावे उतरत्या क्रमाने मांडलेले असतात. त्यातला प्रत्येक आकडा सहसा बरोबर असतो, आणि तरीही दहा वर्षांच्या रकान्यावरून त्या प्रकारच्या योजनांबद्दल जे मत होते, ते पुष्कळदा चुकीचे असते.

याचे कारण तक्ता तयार करण्याच्या रीतीतच आहे. तक्ता करणारा आज चालू असलेल्या योजनांची यादी घेतो आणि त्या प्रत्येक योजनेची एनएव्ही, म्हणजे तिच्या एका युनिटाचे मूल्य, दहा वर्षे मागे जाऊन पाहतो. म्हणजे या तक्त्यात जे उत्तर असते ते 'आज हयात असलेल्या योजनांनी गेल्या दहा वर्षांत काय केले' या प्रश्नाचे असते. वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा असतो. दहा वर्षांपूर्वी या प्रकारातली एखादी योजना आपण निवडली असती तर आपल्या हाती काय लागले असते, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्या दिवशी त्याच्यासमोर ज्या योजना होत्या, त्यांतल्या काही मधल्या काळात बंद झाल्या, काही दुसऱ्या योजनांत विलीन झाल्या, आणि आजच्या यादीत नसल्यामुळे त्यांची मागची वर्षेही मोजणीत येत नाहीत. या दोषाला अर्थशास्त्रात सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. आपल्याकडच्या तालमीच्या भिंतीवर गदा मिळवलेल्या पैलवानांच्याच तसबिरी असतात. गुडघा दुखावून दुसऱ्याच वर्षी गावी परतलेल्या पोराची तसबीर कोणी लावत नाही, आणि त्या भिंतीकडे पाहून या तालमीत आलेला प्रत्येक जण पैलवान झाला असे कोणी म्हणू लागले तर त्याला काय म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

एक निवृत्त शिक्षक गेली अनेक वर्षे माझ्याकडे विवरणपत्रासाठी येतात. त्यांचे उदाहरण मी इथे थोडे तपशिलात देतो, कारण योजना नेमकी कशी नाहीशी होते हे त्यातून नीट दिसते. ओळख पटू नये म्हणून आकडे बदलून गोल केले आहेत. 2008 च्या सुरुवातीला, बाजार शिखरावर असताना, पायाभूत सुविधांच्या क्षेत्रात गुंतवणूक करणाऱ्या एका नव्या योजनेत त्यांनी एक लाख रुपये घातले आणि दहा रुपये दराने त्यांना 10,000 युनिट मिळाले. त्यानंतर बाजार कोसळला, आणि बाजार सावरल्यावरही हे क्षेत्र पुष्कळ काळ सावरले नाही. 2018 मध्ये त्या फंड घराण्याने ही योजना आपल्याच एका मोठ्या, जुन्या आणि नाव कमावलेल्या योजनेत विलीन केली. त्या दिवशी सरांच्या योजनेची एनएव्ही 16 रुपये होती, म्हणजे त्यांच्या युनिटांचे मूल्य 1,60,000 रुपये झाले होते. मोठ्या योजनेची एनएव्ही 64 रुपये होती, म्हणून त्यांना तिचे 2,500 युनिट मिळाले. खातेउताऱ्यावर एक ओळ वजा झाली, एक ओळ जमा झाली, आणि दोन्हींपुढे विलीनीकरण असा शेरा पडला. पैसा गेला नाही, युनिटांची संख्या मात्र चौथ्या हिश्शावर आली.

सर पहिल्यांदा आले ते घाबरूनच. "माझी योजना यादीत कुठंच दिसत नाही. बुडाली म्हणायची का ती?" असे त्यांनी विचारले. बुडाली नव्हती. सहा वर्षांनी, 2024 मध्ये, मोठ्या योजनेची एनएव्ही 112 रुपये झाली आणि सरांच्या 2,500 युनिटांचे 2,80,000 रुपये झाले. पण त्याच सुमारास त्यांनी जो तक्ता आणला होता त्यात या मोठ्या योजनेचा 2008 पासूनचा परतावा वर्षाला सुमारे 12 टक्के दिसत होता, कारण 2008 मध्ये तिची एनएव्ही 18 रुपये होती आणि ती 112 वर गेली. सरांचे एक लाख मात्र सोळा वर्षांत 2,80,000 झाले, म्हणजे वर्षाला सुमारे 6.6 टक्के. त्यांतली पहिली दहा वर्षे तर त्यांना 5 टक्क्यांहूनही कमी मिळाले होते. हा दहा वर्षांचा काळ आज कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. ज्या अॅपवर ते आपली गुंतवणूक पाहत, त्याने खरेदीची तारीख विलीनीकरणाचीच धरली होती आणि खरेदीची रक्कम 1,60,000, त्यामुळे तिथे त्यांना पावणेदहा टक्क्यांच्या आसपास परतावा दिसत होता. आपला पैसा आपल्या डोळ्यांदेखत वाढताना आणि रखडताना पाहिलेल्या माणसालाही स्वतःचा परतावा असा चुकीचा दिसू शकतो, याचे मला त्या वेळी विशेष वाटले. विलीनीकरण म्हणजे विक्री नव्हे असे आयकराचा कायदा धरतो, मूळ खरेदीची किंमत आणि तारीख पुढे चालू ठेवतो, आणि म्हणून सरांचा खरा हिशेब निघाला तो करासाठी जपलेल्या जुन्या कागदांतून.

मग त्या लहान योजनेची दहा वर्षे गेली कुठे? ती कोणी चोरून लपवली असे नाही. विलीनीकरणानंतर फंड घराण्यांनी कोणता परतावा दाखवायचा याविषयी बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने एप्रिल 2018 मध्ये परिपत्रक काढले आहे आणि त्यात तीन शक्यता धरल्या आहेत. दोन सारख्या स्वरूपाच्या योजना एकत्र आल्या आणि उरलेली योजनाही त्याच स्वरूपाची राहिली, तर दोन्हींच्या परताव्याची भारित सरासरी दाखवावी लागते. एक योजना दुसरीत गेली आणि दुसरीचेच स्वरूप कायम राहिले, तर ज्या योजनेचे स्वरूप टिकले तिचाच परतावा दाखवायचा. दोन्ही मिळून वेगळ्याच स्वरूपाची नवी योजना तयार झाली, तर मागचा परतावा देण्याची गरज नाही. सरांची योजना दुसऱ्या प्रकारात मोडत होती. मोठ्या योजनेचे धोरण, तिचा व्यवस्थापक आणि तिची शेअरनिवड यांत काही बदल झाला नव्हता, म्हणून तिच्या इतिहासात पायाभूत सुविधांच्या योजनेची वर्षे मिसळणे खरोखरच दिशाभूल करणारे ठरले असते. नियम त्याच्या जागी योग्य आहे, असे माझे मत आहे. एका योजनेचे प्रगतिपुस्तक म्हणून पाहिले तर तो परतावा खराच असतो. अडचण सुरू होते ती अशी अनेक प्रगतिपुस्तके शेजारी मांडून त्यांची सरासरी काढली जाते तेव्हा.

कोणती योजना कोणत्या योजनेत विलीन होते, हे काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. ज्या योजनेचा परतावा सलग काही वर्षे मागे पडतो, तिच्यातून गुंतवणूकदार पैसे काढू लागतात आणि नवे येत नाहीत. योजना लहान होत जाते, तसा व्यवस्थापक, हिशेब, लेखापरीक्षण आणि जाहिरात यांचा खर्च तिच्या मानाने जड होतो. फंड घराण्याच्या दृष्टीने अशी योजना चालवण्यापेक्षा ती चांगल्या नावाच्या योजनेत मिळवणे सोयीचे असते, कारण गुंतवणूकदार आणि त्यांचे पैसे घराण्यातच राहतात आणि तक्त्यातला खालचा क्रमांक नाहीसा होतो. गुंतवणूकदारांना आधी सूचना द्यावी लागते आणि निर्गमन शुल्काशिवाय बाहेर पडण्यासाठी मुदत द्यावी लागते, परंतु ती सूचना वाचून बाहेर पडलेला गुंतवणूकदार माझ्या पाहण्यात विरळाच. उलट दिशेने, म्हणजे मोठी आणि यशस्वी योजना लहान आणि अपयशी योजनेत जिरवून अपयशी योजनेचा इतिहास जपल्याचे सहसा कानावर येत नाही. त्यामुळे गळणाऱ्यांत मागे पडलेल्यांचे प्रमाण अधिक असते.

आता हाच हिशेब एका संपूर्ण प्रकारावर करून पाहू. समजा, दहा वर्षांपूर्वी एका प्रकारात 20 योजना होत्या. त्यांतल्या 14 आज चालू आहेत आणि त्यांनी सरासरी वर्षाला 12 टक्के परतावा दिला. उरलेल्या 6 योजना पाच वर्षे चालल्या, त्या काळात वर्षाला सरासरी 7 टक्क्यांवर रखडल्या आणि मग विलीन झाल्या. निर्देशांकाने याच दहा वर्षांत वर्षाला 11.5 टक्के दिले. सोयीसाठी परतावे दर वर्षी सारखेच धरले आहेत. आजच्या तक्त्यावरून प्रकाराची सरासरी 12 टक्के निघते आणि त्या हिशेबाने एक लाखाचे सुमारे 3,10,600 रुपये होतात. निर्देशांकात तेच लाख 2,97,000 झाले असते, म्हणजे व्यवस्थापकांनी निर्देशांकावर मात केली असे दिसते. परंतु पहिल्या पाच वर्षांत बाजारात 20 योजना होत्या आणि त्या सर्वांची सरासरी 10.5 टक्के होती. पहिली पाच वर्षे 10.5 टक्के आणि पुढची पाच वर्षे 12 टक्के असा हिशेब केला, तर लाखाचे सुमारे 2,90,300 रुपये होतात, आणि ही रक्कम निर्देशांकापेक्षा कमी आहे. एकाही योजनेचा आकडा खोटा न लिहिता निष्कर्ष उलटा झाला.

दुसरा आकडा याहूनही जास्त फसवतो. त्या 14 योजनांपैकी 7 योजनांनी निर्देशांकाला मागे टाकले असे समजू. तक्ता म्हणतो की निम्म्या योजना जिंकल्या. पण सुरुवातीला 20 योजना होत्या आणि गळलेल्या सहांपैकी एकही जिंकली नव्हती, म्हणून जिंकण्याची शक्यता 20 पैकी 7, म्हणजे 35 टक्के होती. एस अँड पी डाऊ जोन्स इंडायसेस या संस्थेच्या स्पिव्हा अहवालात हा छेद बरोबर घेतलेला असतो. भारतातील फंडांसाठीही तो अहवाल निघतो, त्यात काळाच्या सुरुवातीला असलेल्या सर्व योजना मोजल्या जातात, आणि किती योजना शेवटपर्यंत तगल्या याचे वेगळे कोष्टकही दिलेले असते. मी तो अहवाल उघडतो तेव्हा आधी ते कोष्टक पाहतो. निर्देशांकाला किती जणांनी हरवले, याची चर्चा वर्तमानपत्रांत होते, परंतु तगणाऱ्यांचे प्रमाण कळल्याशिवाय त्या चर्चेला आधार नसतो.

हा दोष किती मोठा असू शकतो, याचा अंदाज अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासावरून येतो. प्रिन्स्टन विद्यापीठाचे बर्टन माल्कील यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात बंद पडलेल्या फंडांचीही माहिती गोळा केली होती. 1982 ते 1991 या दहा वर्षांसाठी तगलेल्या समभाग फंडांची सरासरी आणि सर्व फंडांची सरासरी यांत त्यांना वर्षाला सुमारे 1.4 टक्क्यांचा फरक आढळला. तो आकडा आपल्या बाजाराला जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर आणि थेट घराण्याकडून घेतलेल्या डायरेक्ट योजनांच्या खर्चातला फरकही साधारण याच्या जवळपास जातो आणि त्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, हे लक्षात घेतले तर 1.4 टक्के ही किरकोळ बाब ठरत नाही.

क्रमवारीच्या बाबतीत मात्र हा दोष एका अनपेक्षित दिशेने काम करतो, आणि ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. वरच्याच उदाहरणात सातव्या क्रमांकावरची योजना घ्या. आजच्या तक्त्यात ती 14 पैकी सातवी, म्हणजे अगदी मधली, साधारण दिसते. सुरुवातीच्या 20 योजनांत तिचा क्रमांक सातवाच होता, पण तेव्हा ती वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होती. पाचव्या क्रमांकावरची योजना 20 मध्ये वरच्या पाव हिश्शात होती. 14 मध्ये ती त्यातून खाली घसरते, स्वतः काहीही न बिघडवता. तळाशी, चौदाव्या क्रमांकावर दिसणारी योजना तर सहा जणींना मागे टाकून तगलेली असते. म्हणजे बंद योजना वगळल्याने संपूर्ण प्रकार आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि तगलेली मधली योजना इतरांच्या तुलनेत आहे त्यापेक्षा वाईट दिसते. तळाचा क्रमांक पाहून लोक योजना बदलतात, तेव्हा त्यांच्या निर्णयात हा भाग किती असतो, असे मला नेहमी वाटते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. नाहीशी झालेली प्रत्येक योजना वाईट होती असे धरणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. पुष्कळ योजना फंड घराणे विकले गेल्यामुळे नाव बदलतात किंवा विलीन होतात. फिडेलिटीचा भारतातला फंड व्यवसाय 2012 मध्ये एल अँड टी कडे गेला, आणि एल अँड टी चा 2022 मध्ये एचएसबीसीकडे. ही विक्री योजनांच्या परताव्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही. सेबीने ऑक्टोबर 2017 मध्ये योजनांचे प्रकार ठरवून दिले आणि बहुतेक प्रकारांत एका घराण्याला एकच योजना ठेवण्याचे बंधन घातले, त्यामुळे 2018 मध्ये एकाच घराण्यातल्या दोन बऱ्यापैकी योजनांनाही एकत्र यावे लागले. आणि फ्रँकलिन टेम्पलटनने 23 एप्रिल 2020 रोजी ज्या सहा रोखे योजना गुंडाळल्या, त्यांत सुमारे 25 हजार कोटी रुपये अडकले होते. गुंतवणूकदारांना दीर्घ काळ थांबावे लागले, परंतु पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले. अशा योजना मोजणीत घेताना त्यांचा परतावा शून्य धरणे किंवा भांडवल बुडाले असे समजणे चुकीचे आहे. मोजणीत त्या घ्यायच्या, पण त्यांनी दिले तेवढेच त्यांच्या नावावर मांडायचे.

स्वतः ही मोजणी करून पाहायची असेल तर त्यासाठी महागडी माहिती विकत घ्यावी लागत नाही. फंड घराण्यांची संघटना असलेल्या अँफीच्या संकेतस्थळावर कोणत्याही जुन्या तारखेच्या एनएव्ही उतरवून घेता येतात. दहा वर्षांपूर्वीच्या एका कामकाजाच्या दिवसाची यादी घ्यायची, आजची यादी घ्यायची आणि जुन्या यादीतल्या कोणत्या योजना आज नाहीत ते शोधायचे. यात नावावर विसंबून चालत नाही. घराणे बदलले की योजनेचे नाव बदलते आणि 2018 मध्ये तर अनेक योजनांची नावे प्रकारानुसार बदलली, म्हणून योजनेचा सांकेतिक क्रमांक किंवा आयएसआयएन हा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक जुळवावा लागतो. एकच योजना ग्रोथ, लाभांश, रेग्युलर, डायरेक्ट अशा अनेक ओळींत येते, त्यामुळे रेग्युलर ग्रोथची तेवढी ओळ ठेवून बाकीच्या काढून टाकाव्या लागतात. डायरेक्ट योजना जानेवारी 2013 मध्ये सुरू झाल्या, तेव्हा त्याआधीच्या याद्यांत त्या नसतातच. लार्ज कॅप, मिड कॅप असे आजचे शीर्षक 2018 पूर्वीच्या यादीत शोधू नये, कारण ती वर्गवारीच तेव्हा अशी नव्हती. माझ्या मते सुरुवात ईएलएसएस योजनांपासून करावी. करसवलतीमुळे हा प्रकार 2018 च्या आधीही वेगळा होता आणि नंतरही वेगळाच राहिला, त्यामुळे दोन्ही याद्या शेजारी ठेवता येतात. गळलेल्या प्रत्येक योजनेसमोर तिची शेवटची एनएव्ही, ती ज्या तारखेला थांबली ती तारीख, आणि ती कोणत्या योजनेत गेली हे लिहावे.

शेवटचा रकाना सर्वांत कंटाळवाणा आहे, कारण त्यासाठी घराण्यांच्या जुन्या सूचना उघडाव्या लागतात, पण तोच सर्वांत उपयोगी आहे. योजना थांबल्यानंतरच्या वर्षांचे काय करायचे, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडतो. काही जण योजना असेपर्यंतच तिला सरासरीत घेतात आणि नंतर सोडून देतात. वरच्या उदाहरणात मी तसेच केले आहे. काही जण गुंतवणूकदाराच्या पैशामागे जातात आणि विलीनीकरणानंतरचा परतावा मोठ्या योजनेचा धरून साखळी पूर्ण करतात. घराण्याचे कौशल्य मोजायचे असेल तर पहिली रीत चालते. गुंतवणूकदाराच्या हाती काय आले हे मोजायचे असेल तर दुसरीच वापरावी लागते, आणि त्या रीतीने मांडले की 10 रुपयांच्या युनिटापासून 112 रुपयांच्या युनिटापर्यंतची सरांची सोळा वर्षे एका ओळीत बसतात आणि त्या ओळीच्या शेवटी 6.6 टक्के येतात.